मध्यवर्ती सीमा प्रमेयाची सिद्धता: √n ने भागल्यावर काय उरतं

एका काउंटरवर एका गिऱ्हाइकाचं काम उरकायला सरासरी १ मिनिट लागतं असं धरू. हा वेळ घातांकी वितरणाचा आहे, म्हणजे बहुतेकांची कामं झटपट होतात आणि मधूनच एखादं काम रेंगाळतं. १०० पैकी साधारण ६३ गिऱ्हाइकं मिनिटभराच्या आतच मोकळी होतात, तर दीडशेत एखादं पाच मिनिटांच्याही वर जातं. या वितरणाचा आलेख शून्यापाशी सर्वांत उंच असतो आणि तिथून उजवीकडे उतरत जातो. घंटेच्या आकाराशी त्याचं दूरचंही नातं नाही.

आता अशा १०० गिऱ्हाइकांचा एकूण वेळ घ्या. त्याचा आलेख १०० मिनिटांभोवती जवळजवळ घंटेसारखा दिसतो आणि त्याचं प्रमाण विचलन १० मिनिटं असतं. वेगळं वितरण घेतलं, फाशाचं किंवा नाण्याचं, तरी बेरजेचा आकार हाच येतो. मध्यवर्ती सीमा प्रमेय, म्हणजे सेंट्रल लिमिट थिअरम, हेच सांगतं. मूळ वितरणाचा आकार जातो कुठे, हा खरा प्रश्न आहे. मोमेंट जनरेटिंग फंक्शन, म्हणजे वर्गात सगळे ज्याला एमजीएफ म्हणतात ते, वापरून केलेली सिद्धता त्याचं उत्तर अगदी उघडपणे देते. मूळ वितरणाबद्दलची प्रत्येक माहिती `n` च्या कुठल्या ना कुठल्या घातासोबत येते, आणि कोणता घात टिकतो आणि कोणता विरतो, एवढंच बघायचं असतं.

आधी प्रमाणीकरण

`X₁, X₂, …, Xₙ` ही परस्परांपासून स्वतंत्र आणि एकाच वितरणाची यादृच्छिक चलं. प्रत्येकाचा मध्य `μ`, प्रमाण विचलन `σ`. बेरीज `Sₙ` म्हटली तर तिचा मध्य `nμ` आणि प्रचरण `nσ²`. `n` वाढला की दोन्ही वाढत जातात, म्हणजे बेरजेचा आलेख उजवीकडे सरकतो आणि पसरतोही. अशा पळत्या आणि फुगत्या आलेखाची सीमा काढण्यात अर्थ नाही. म्हणून तो जागेवर आणायचा:

```
Zₙ = (Sₙ − nμ) / (σ√n)
```

हेच आणखी सोयीच्या रूपात लिहिता येतं. प्रत्येक चलाचंच आधी प्रमाणीकरण करा, `Yᵢ = (Xᵢ − μ)/σ`. मग `Yᵢ` चा मध्य ० आणि प्रचरण १, आणि

```
Zₙ = (Y₁ + Y₂ + … + Yₙ) / √n
```

`Zₙ` चा मध्य ० आणि प्रचरण १, मग `n` कितीही असो. काउंटरच्या उदाहरणात `μ = 1` आणि `σ = 1`, म्हणून `Y = X − 1` एवढंच. सिद्ध करायचं आहे ते असं: `n` वाढत गेला की `Zₙ` चं वितरण प्रमाण प्रसामान्य वितरणाकडे जातं. म्हणजे कुठलाही `z` घ्या, `P(Zₙ ≤ z)` ची सीमा `Φ(z)` असते, म्हणजे प्रमाण प्रसामान्य चल `z` च्या आत असण्याची संभाव्यता.

एमजीएफच का

बेरजेचं वितरण सरळ काढायला गेलं तर कॉन्व्होल्यूशनची इंटिग्रलं एकात एक गुंफावी लागतात. दोन चलांसाठी ते जमतं, शंभरांसाठी हात टेकावे लागतात. एमजीएफची व्याख्या अशी:

```
M_Y(s) = E[e^(sY)]
```

`e^(sY)` चा विस्तार केला आणि एकेका पदाचं अपेक्षित मूल्य घेतलं की

```
M_Y(s) = 1 + s·E[Y] + (s²/2)·E[Y²] + (s³/6)·E[Y³] + …
```

म्हणजे वितरणाचे सगळे मोमेंट, `E[Y]`, `E[Y²]`, `E[Y³]` वगैरे, एका फलनात ओळीने बसलेले. पण आपल्याला त्याहून कामाचा गुण वेगळाच आहे: घातांकांची बेरीज म्हणजे गुणाकार. `e^(s(Y₁+Y₂))` म्हणजे `e^(sY₁)` गुणिले `e^(sY₂)`, आणि चलं स्वतंत्र असतील तर गुणाकाराचं अपेक्षित मूल्य हे अपेक्षित मूल्यांचा गुणाकार असतं. त्यामुळे

```
M_Zₙ(t) = E[e^(t(Y₁+…+Yₙ)/√n)]
        = M_Y₁(t/√n) · M_Y₂(t/√n) · … · M_Yₙ(t/√n)
        = [ M_Y(t/√n) ]ⁿ
```

दुसरी ओळ स्वातंत्र्यामुळे मिळाली, तिसरी वितरण एकच असल्यामुळे. सिद्धतेत ही दोन गृहीतकं थेट इथेच कामाला येतात. परीक्षेत या ओळींची कारणं न लिहिता पुढे गेलं तर गुण जातातच, पण मुद्दा गुणांचा नाही. चलं परस्परावलंबी असतील, उदाहरणार्थ एका गिऱ्हाइकाने रखडवल्यामुळे पुढच्याचंही काम रखडत असेल, तर सिद्धता नेमकी या ओळीवर मोडते. तिथे प्रमेय खोटंच ठरेल असं नाही, पण ही वाट बंद होते.

एक अट इथे नोंदवून ठेवू. `M_Y(s)` हे शून्याभोवतीच्या एखाद्या अंतरालात, `−δ < s < δ` मध्ये, सांत असलं पाहिजे. `t` कितीही मोठा असला तरी `n` पुरेसा वाढला की `t/√n` या अंतरालात येतोच, म्हणून `δ` लहान असला तरी अडत नाही. काउंटरच्या उदाहरणात हे स्पष्ट दिसतं. तिथे `M_X(s) = 1/(1 − s)`, आणि तेही फक्त `s < 1` असताना. `Y = X − 1` असल्यामुळे

```
M_Y(s) = e^(−s) / (1 − s),   s < 1
```

`t = 1` घेतला तर `n = 1` ला हे फलन अस्तित्वातच नाही, कारण `s = 1` होतो. `n = 2` पासून मात्र सगळं सुरळीत.

मुख्य पायरी

`Y` चा मध्य ० आहे आणि `E[Y²] = 1`. म्हणून टेलर विस्तारातलं `s` चं पद गळतं आणि `s²` चा सहगुणक बरोबर अर्धा होतो:

```
M_Y(s) = 1 + s²/2 + r(s),   जिथे s → 0 असताना r(s)/s² → 0
```

`s = t/√n` घाला:

```
M_Zₙ(t) = [ 1 + t²/(2n) + r(t/√n) ]ⁿ
```

बहुतेक जण इथे म्हणतात की `r` लहान आहे, सोडून द्या, आणि लगेच उत्तर लिहून मोकळे होतात. हे बरोबर उत्तराला चुकीचं कारण झालं. `r` लहान आहे हे खरं, पण कंसातलं पद `n` वेळा स्वतःशी गुणलं जातंय, आणि लहान गोष्टही `n` वेळा साचली की मोठी होऊ शकते. याच चालीने कोणी म्हणू शकेल की `t²/(2n)` सुद्धा शून्याकडे जातं, तेव्हा तेही सोडा, मग कंसात १ उरतो आणि `1ⁿ = 1`. एक पद सोडायचं आणि दुसरं ठेवायचं याला कारण हवं. ते कारण असं की पद नुसतं लहान असून भागत नाही, `n` ने गुणल्यावरही ते लहान राहिलं पाहिजे.

`t²/(2n)` ला `n` ने गुणलं तर `t²/2` उरतं, म्हणून ते ठेवावंच लागतं. `r` चं बघू. `t` शून्य नसेल तर

```
n · r(t/√n) = t² · r(s)/s²,   कारण n = t²/s²
```

आणि उजवी बाजू शून्याकडे जाते, कारण `n` वाढला की `s` शून्याकडे जातो. म्हणजे `r` ला `n` ने गुणलं तरी ते विरतं, आणि आता ते सोडायचा हक्क आपल्याला मिळाला. उत्तरपत्रिकेत उरलेलं पद `o(1/n)` असं लिहायचं असतं. घाईत `o(n)` लिहिलं जातं आणि त्याचा अर्थ पार उलटा होतो.

उरलं ते एक छोटं विधान: `aₙ → a` असेल तर `(1 + aₙ/n)ⁿ → e^a`. लॉग घेऊन दोन ओळींत होतं. `log(1 + u)/u` ची सीमा `u → 0` असताना १ असते, म्हणून `n·log(1 + aₙ/n)` म्हणजे `aₙ` गुणिले १ कडे जाणारी एक संख्या, आणि तिची सीमा `a`. आपल्याकडे `aₙ = t²/2 + n·r(t/√n)` आणि त्याची सीमा `t²/2`. म्हणून

```
M_Zₙ(t) → e^(t²/2)
```

हे कुणाचं एमजीएफ आहे? प्रमाण प्रसामान्य वितरणाचं. `e^(tx)` ला `e^(−x²/2)` ने गुणलं की घातांकात `tx − x²/2` येतं, आणि पूर्ण वर्ग करून ते `t²/2 − (x − t)²/2` असं लिहिता येतं. `e^(t²/2)` बाहेर काढला की आत `t` भोवती सरकवलेला प्रसामान्य आलेख उरतो, त्याचं क्षेत्रफळ १.

घात बदलून पाहा

`√n` नेच का भागायचं, हे पटवायचा सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या कशाने तरी भागून पाहणं. बेरजेला `n` ने भागलं तर कंसात `1 + t²/(2n²) + …` येतं. `n` ने गुणल्यावर `t²/(2n)` उरतं, ते शून्याकडे जातं, आणि सीमा १. हे एमजीएफ कायम शून्यच असणाऱ्या चलाचं. म्हणजे सरासरी मध्यावर येऊन स्थिरावते, आणि हाताला लागतो तो मोठ्या संख्यांचा नियम. उलट `n` च्या चतुर्थमुळाने भागलं तर `n` ने गुणल्यावर `t²√n/2` उरतं आणि ते अनंताकडे पळतं. दोन्हींच्या मधे `√n` एकटाच असा आहे की ज्यात वर्गाचं पद ना विरत, ना फुटत.

मध्य वजा करायचा विसरला तरी हेच होतं. मग विस्तारात `s·E[X]` उरतं, `n` ने गुणल्यावर त्याचं `μt√n` होतं, आणि सगळं त्याच्यामागे वाहून जातं. सिद्धता लिहिताना शेवटी `√n` चं पद शिल्लक दिसलं तर मागे कुठेतरी `X` आणि `Y` ची अदलाबदल झाली आहे असं समजावं. ही चूक सर्रास होते.

आकार नेमका कधी विरतो

काउंटरच्या उदाहरणात सगळं नेमकं मोजता येतं. लॉग घेऊ:

```
n·log M_Y(t/√n) = n·(−s − log(1 − s)),   s = t/√n
                = t²/2 + t³/(3√n) + t⁴/(4n) + …
```

पहिल्या पदात `n` नाही. ते प्रत्येक वितरणाला सारखंच, कारण प्रमाणीकरणाने आपणच ते तसं करून घेतलं. दुसऱ्या पदातला `1/3` हा मात्र घातांकी वितरणाचा खास. वितरण एका बाजूला किती कललेलं आहे, म्हणजे विषमता किती, ते तो सांगतो, आणि त्याच्याखाली `√n` आहे. तिसऱ्या पदाखाली `n`. वितरणाची जितकी बारीक खासियत, तितक्या लवकर ती विरते. आकार जातो कुठे, या प्रश्नाचं उत्तर हे.

`t = 1` धरून आकडे काढू. सीमा `e^0.5`, म्हणजे १.६४८७.

```python
from math import log1p, sqrt, exp
for n in (4, 25, 100, 10000):
    s = 1 / sqrt(n)
    print(n, round(exp(n * (-s - log1p(-s))), 4))
```

`n = 4` ला २.१६५४ येतं, २५ ला १.७८३५, १०० ला १.७०९२ आणि १०,००० ला १.६५४३. शंभरावरून दहा हजारांवर गेलो, म्हणजे `n` शंभरपट केला, तेव्हा फरक ०.०६०५ वरून ०.००५६ झाला, साधारण दहाव्या भागावर आला. `√n` च्या गतीने म्हणतात ते हेच.

कोडमध्ये `log(1 - s)` न लिहिता `log1p(-s)` लिहिलंय ते हौस म्हणून नाही. `n` फार मोठा घेतला, समजा `10**16`, तर `s` होतो `1e-8`, आणि `1 - s` संगणकात साठवतानाच शेवटच्या घरात फरक पडतो. तो फरक `5e-17` च्या आसपासचा, पण पुढे त्याला `10**16` ने गुणलं जातं, आणि उत्तर १.६४८७ च्या ऐवजी भलतंच येऊ शकतं. `n` वाढवत नेल्यावर आकडा सीमेजवळ येत असतो आणि मग अचानक भरकटतो, अशी ही चूक ओळखू येते. तिथे प्रमेयाचा दोष नसतो, दोष वजाबाकीचा असतो.

आता तुलनेला नाणं घ्या: छापा आला तर `+1`, काटा आला तर `−1`. मध्य ०, प्रचरण १, आणि `M_Y(s) = cosh(s)`. वितरण दोन्ही बाजूंना सारखं, म्हणून `t³` चं पद मुळातच नाही आणि पहिली चूक `−t⁴/(12n)` ची. `n = 4` लाच `cosh(1/2)` चा चौथा घात १.६१६८ येतो, आणि `n = 100` ला १.६४७४. म्हणजे नाण्याचं एमजीएफ चार फेकांतच जिथे पोचतं, तिथे यायला काउंटरला शंभर गिऱ्हाइकंही पुरत नाहीत. `n` तीसच्या वर गेला की प्रसामान्य धरून चाला, हा पाठ्यपुस्तकी ठोकताळा या दोन उदाहरणांना एकाच मापाने मोजतो, आणि म्हणून त्याच्यावर फार विसंबू नये. तीस पुरतात की नाही हे विषमतेवर ठरतं.

हाच `1/√n` प्रत्यक्ष संभाव्यतांमध्येही दिसतो. १०० गिऱ्हाइकं १०० मिनिटांच्या आत उरकण्याची संभाव्यता प्रमेयाच्या हिशोबाने अर्धी. खरी आहे ०.५१३३. विषमतेच्या पदावरून काढलेली दुरुस्ती इथे `0.133/√n` एवढी येते, आणि ती कमालीची नेमकी आहे. `n = 4` ला ती ०.५६६५ सांगते, आणि गॅमा वितरणावरून काढलेलं खरं उत्तरही ०.५६६५ च. कडेच्या भागात फरक जास्त बोचतो. एकूण वेळ १२० मिनिटांच्या वर जाण्याची संभाव्यता प्रसामान्य वितरण २.३ टक्के सांगतं, प्रत्यक्षात ती २.८ टक्क्यांच्या आसपास असते. उलट ८० मिनिटांच्या आत उरकण्याची संभाव्यताही प्रसामान्य २.३ टक्केच सांगतं, पण ती असते १.७ टक्के. शंभर गिऱ्हाइकांनंतरही उजवीकडची शेपटी थोडी जाड आणि डावीकडची थोडी बारीक राहते.

उसना घेतलेला खांब

आपण आत्तापर्यंत एवढंच दाखवलं की एमजीएफची सीमा `e^(t²/2)` आहे. सिद्ध करायचं होतं ते वितरणाबद्दल. या दोहोंमध्ये एक दरी आहे, आणि पाठ्यपुस्तकं बहुधा ती "सांतत्य प्रमेयानुसार" एवढं म्हणून ओलांडतात. एमजीएफसाठी हे प्रमेय कर्टिस यांनी १९४२ साली मांडलं. शून्याभोवतीच्या एखाद्या खुल्या अंतरालातल्या प्रत्येक `t` साठी `M_Zₙ(t)` ची सीमा `M_Z(t)` असेल, तर `Zₙ` चं वितरण `Z` च्या वितरणाकडे जातं. सगळ्या सिद्धतेचं वजन या खांबावर आहे, तेव्हा तो कसा उभा आहे ते निदान बाहेरून तरी बघायला हवं.

पहिली भीती अशी की `n` वाढता वाढता संभाव्यतेचा काही भाग अनंताकडे निसटून जाईल. तसं होत नाही. `Zₙ` चं निरपेक्ष मूल्य `a` च्या वर जाण्याची संभाव्यता मार्कोव्हच्या असमानतेने `e^(−ab)·(M_Zₙ(b) + M_Zₙ(−b))` पेक्षा जास्त नसते. इथे `b` हा अंतरालातला कुठलाही धन अंक. कंसातली बेरीज अभिसारी आहे म्हणून ती एका मर्यादेत राहते, आणि `e^(−ab)` मुळे शेपट्या सगळ्या `n` साठी एकसारख्या बारीक होतात. काहीच निसटत नाही, म्हणून हेलीच्या निवड प्रमेयाने `Zₙ` मधून अशी एक उपक्रमिका काढता येते की तिचं वितरण कशाकडे तरी जातं.

ते "कशाकडे तरी" म्हणजे काय? शेपट्या घातांकी वेगाने बारीक होत असल्यामुळे, अंतराल थोडं लहान केलं की सीमा आणि अपेक्षित मूल्य यांची अदलाबदल चालते. म्हणून त्या सीमावितरणाचं एमजीएफ `e^(t²/2)` च असलं पाहिजे. आणि शून्याभोवती सांत असलेलं एमजीएफ वितरण एकमेव ठरवतं. म्हणून ते प्रमाण प्रसामान्यच. कुठलीही उपक्रमिका घेतली तरी तिच्यातून हेच निघतं, म्हणजे सगळी क्रमिकाच तिकडे जाते.

शून्याभोवती सांत ही अट इथे शोभेची नाही. लॉगनॉर्मल वितरणाचे सगळे मोमेंट सांत असतात, पण कुठल्याही धन `t` ला एमजीएफ अनंत असतं, आणि अगदी तेच मोमेंट असलेली वेगळी वितरणं आहेत. म्हणून "सगळे मोमेंट जुळतात, तेव्हा वितरण तेच" असं तोंडी सांगून ही पायरी ओलांडता येत नाही.

उलटी दिशाही खरी नाही, हे कमी लोकांच्या लक्षात येतं. एक चल घ्या जे `1/n` संभाव्यतेने `n` असतं, एरवी शून्य. `n` वाढला की त्याचं वितरण शून्याकडे जातं यात वाद नाही. पण `t` धन असेल तर त्याच्या एमजीएफमध्ये `e^(tn)/n` हे पद येतं आणि ते फुटतं. एमजीएफ दूरच्या, दुर्मिळ किमतींना फार वजन देतं. म्हणूनच सिम्युलेशनने `E[e^(tZ)]` मोजायला गेलं आणि `t` जरा मोठा घेतला की सरासरी दोन-चार आकड्यांच्याच हातात जाते, आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं.

जिथे एमजीएफच नाही

या सिद्धतेने दाखवलेलं प्रमेय मूळ प्रमेयापेक्षा दुबळं आहे, हे मान्य करायला हवं. एकाच वितरणाच्या स्वतंत्र चलांसाठी मूळ प्रमेयाला फक्त सांत प्रचरण लागतं. लॉगनॉर्मलचं प्रचरण सांत आहे, त्याला प्रमेय लागू आहे, पण आपली सिद्धता तिथे पहिल्या ओळीलाच अडखळते. पॅरेटो वितरणाचा घात ३ घेतला तर प्रचरण सांत, तिसरा मोमेंट अनंत, आणि एमजीएफ नाही. तरी प्रमेय लागू.

उपाय म्हणजे `e^(sY)` च्या जागी `e^(isY)` घेणं. त्याचं निरपेक्ष मूल्य कायम १, म्हणून अपेक्षित मूल्य नेहमीच अस्तित्वात असतं. याला कॅरॅक्टरिस्टिक फंक्शन म्हणतात, आणि लियापुनोव्ह यांनी १९०१ मध्ये याच वाटेने सिद्धता दिली होती. वरची जुळणी जशीच्या तशी चालते. विस्तार `1 − s²/2 + o(s²)` होतो आणि त्यासाठी दोन मोमेंट पुरतात, सीमा `e^(−t²/2)` येते, आणि शेवटी कर्टिसच्या जागी लेव्हींचं सांतत्य प्रमेय लावायचं. `(1 + aₙ/n)ⁿ` वालं विधान मात्र संमिश्र संख्यांसाठी पुन्हा सिद्ध करावं लागतं, आणि तिथे लॉग जपून घ्यावा लागतो.

प्रचरणच सांत नसेल तर मात्र प्रमेयाचाही इलाज चालत नाही, आणि तेही याच हिशोबात दिसतं. कॉशी वितरणाचं कॅरॅक्टरिस्टिक फंक्शन `e^(−|t|)` आहे. त्याचा शून्यापाशी विस्तार `1 − |t| + …` असा सुरू होतो, म्हणजे वर्गाच्या पदाआधीच पहिल्या घाताचं पद येऊन बसतं. अशा `n` चलांची सरासरी घ्या:

```
[ e^(−|t|/n) ]ⁿ = e^(−|t|)
```

एक निरीक्षण घेतलं काय आणि दहा लाखांची सरासरी घेतली काय, वितरण तेच. `√n` ने भागलं तर घातांकात `|t|√n` येतं आणि सगळं फुटतं. इथे बेरीज जागेवर धरणारा भाजक `n` आहे, आणि जो आकार उरतो तो पुन्हा कॉशीचाच.